खेळ सुरू होण्याआधीची तीन मिनिटं



क्षमावाणीनंतरच्या रविवारी आमच्या थोरल्या घरी सगळे जमतात, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस प्रत्येक जण आपापल्या गावच्या मंदिरात असतो. अनंत चतुर्दशी झाली की मग एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणायला इथे यायचं, ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, आरती होते आणि साडेसातच्या सुमारास मोठ्या खोलीत सतरंज्या पडतात. मग ‘नाव-गाव-फळ-फूल’.

या वर्षी खेळ सुरू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मी तीन मिनिटांचं छोटंसं भाषण तयार केलं, चक्क कागदावर लिहून. धाकटी जाऊ म्हणाली, “ताई, नाव-गाव-फळ-फूल कुणाला सांगायला लागतं का?” तिचं खरं आहे, खेळ सगळ्यांना येतो. पण प्रत्येकाला तो आपल्या माहेरी जसा खेळायचे तसाच येतो, आणि भांडण तिथेच असतं.

मागच्या वर्षी काय झालं ते थोडक्यात सांगते. अक्षर आलं होतं ‘र’. नणंदेच्या यजमानांनी फळाच्या रकान्यात ‘रताळं’ लिहिलं. उपवासाच्या फराळात असतं, तर फळच की, असा त्यांचा मुद्दा. थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते म्हणाले, “रताळं कंदमूळ आहे, फळ नाही.” इथपर्यंत ठीक होतं आणि बरोबरही होतं. पण पुढचं वाक्य आलं, “आपल्यात ते खातही नाहीत. तुमच्याकडे चालतं वाटतं?” झालं! रताळ्याचे दहा गुण बाजूलाच राहिले आणि कुणाच्या घरी कुठला नियम पाळतात यावर गाडी गेली. नणंद उठून आत गेली. दोन तासांपूर्वी सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून क्षमा मागितली होती, आणि ती मंडळी निघताना अण्णांना न भेटता निघाली. पुढे दिवाळीपर्यंत फोन नाही.

मला त्यातून एवढंच दिसलं की रताळं फळ की भाजी हे कुठेच ठरलेलं नव्हतं, आणि ते ठरवायचं कुणी हेही ठरलेलं नव्हतं. ज्याचा आवाज मोठा तो पंच झाला. हे सगळं आधी सांगितलेलं असतं तर अण्णांचं दुसरं वाक्य यायला जागाच उरली नसती.

म्हणून यंदा मी उभी राहिले आणि जे बोलले ते इथे जसंच्या तसं देते :

“सगळ्यांना जय जिनेंद्र. थोडं सांगते आणि लगेच सुरू करू. जोड्या सहा आहेत, प्रत्येक जोडीत एक मोठं माणूस आणि एक लहान. रकाने पण सहाच : नाव, गाव, फळ, फूल, भाजी, प्राणी. वाटीतून चिठ्ठी निघेल, त्या अक्षराचे शब्द लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, काहीही चालेल. ‘प’ आला तर पेरूही चालेल आणि प्राजक्तही. ऱ्हस्व-दीर्घ कुणी बघणार नाही. मुलांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी हरकत नाही. मोठ्यांनी वाचून दाखवायचं, कानाला जो ऐकू येईल तो शब्द.

वेळ दोन मिनिटं. आपलं आधी झालं म्हणून कुणी ‘स्टॉप’ म्हणायचं नाही. घंटी वाजली की पेन्सिल खाली. तुमचा शब्द दुसऱ्या कुणाकडे नसेल तर दहा गुण, असेल तर पाच, रकाना रिकामा तर शून्य.

गावाचा तालुका किंवा जिल्हा सांगता आला पाहिजे. फळवाल्याकडे मिळतं ते फळ, भाजीवाल्याकडे मिळते ती भाजी. त्यात कंदमुळंही आली. लिहिलं म्हणजे खाल्लं असं होत नाही. प्राणी म्हणजे त्रस जीव, मुंगी चालेल, हत्ती चालेल, पिंपळ चालणार नाही.

शब्दाबद्दल शंका आली तर हात वर करून नुसतं ‘शंका’ म्हणा. ज्यांचा शब्द असेल ते एक वाक्य बोलतील, मग मी सांगेन. मी खेळत नाहीये, म्हणून हे काम माझं. मलाही ठरवता आलं नाही तर पाच गुण द्यायचे आणि पुढचं अक्षर काढायचं. शंका शब्दाची घ्यायची, लिहिणाऱ्याची नाही. आणि मोबाइल त्या टोपलीत.

पहिलं अक्षर सरावाचं, त्याचे गुण धरायचे नाहीत. चला, चिठ्ठी कोण काढतंय?”

बस्स, एवढंच. घड्याळ लावून घरात दोनदा म्हणून पाहिलं होतं, तीन मिनिटांच्या आतच बसतं. आता यातलं एकेक वाक्य कुठून आलं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

आधी अक्षरांचं. लहानपणी आपण कसं खेळायचो? एकीने मनात क, ख, ग म्हणत जायचं, दुसरीने ‘थांब’ म्हणायचं, जे अक्षर आलं ते सगळ्यांचं. यात मनातल्या मनात म्हणणारीवर संशय घ्यायला भरपूर वाव असतो. “तुला आंबा सुचला होता म्हणून तू ‘अ’ वर थांबलीस” हे वाक्य मी स्वतः बहिणीला किती वेळा ऐकवलंय! म्हणून चिठ्ठ्या. पण वाटीत सगळी मुळाक्षरं टाकून भागत नाही. ङ, ञ, ण आणि ळ या अक्षरांनी आपल्याकडे शब्दच सुरू होत नाहीत, ती सरळ बाहेर. बाकीच्यांना मी एक चाळणी लावली : सहापैकी निदान चार रकाने मला स्वतःला भरता आले तरच चिठ्ठी वाटीत. ठ, ढ, थ आणि छ तिथे गळाले. ठ ला ठाणे आहे, पण पुढे काय? ‘ख’ कसाबसा वाचला. खरबूज आहे, खेड आहे, खार आणि खेकडा आहेत, आणि नावाला ‘खुशी’. क्ष आणि ज्ञ मी बाहेरच ठेवले, कारण ‘क्ष’ हा ‘क’ मध्ये धरायचा की वेगळा, यावर शाळामास्तरसुद्धा तासभर बोलू शकतात. स्वरांमध्ये अ आणि आ एकाच चिठ्ठीवर लिहिले, तसेच उ आणि ऊ. अबोलीवाल्यांनी आंब्यावर शंका घेऊ नये म्हणून.

जोड्यांचा विचार मात्र मी चार दिवस करत होते. आमच्याकडची लहान मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी फडाफडा बोलतात, पण दोन मिनिटांत सहा शब्द देवनागरीत लिहायचे म्हटलं की वेलांटी पहिली की दुसरी यावर अडून बसतात. उलट सासूबाईंना शब्द भराभर सुचतात, पण हात थरथरतो. एकीचा शब्द आणि दुसऱ्याचा हात, अशी जोडी लावली की दोघांचंही भागतं. मोठ्यांनी वाचून दाखवायचं ठेवलं ते यासाठीच. मुलाने इंग्रजी अक्षरांत काहीही खरडलेलं असो, आजीने तोंडाने ‘शहामृग’ म्हटलं की तो ‘श’ चा शब्द झाला. स आणि श चा घोळ तिथेच संपतो.

आणि एक गोष्ट मी कुणाला न सांगता केली. अण्णांच्या जोडीला नणंदेची मुलगी दिली, आणि नणंदेच्या यजमानांच्या जोडीला अण्णांचा नातू. स्वतःच्या भाचीने लिहिलेला शब्द वाचून दाखवताना माणूस जरा मवाळ होतो, आणि समोरच्या जोडीत आपलाच नातू बसलेला असला की शंकासुद्धा हळू आवाजात निघते.

आत्याबाईंना कमी ऐकू येतं. गेल्या वेळी त्या आपल्या जोडीदाराला शब्द कानात सांगायच्या आणि तो शब्द अख्ख्या खोलीला ऐकू जायचा. लगेच सगळ्यांच्या कागदावर तोच! यंदा त्यांच्या पोराला पाटी आणि खडू दिला. बोलायचं नाही, मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं. त्यांना एकदम दोन अक्षरांत दहा-दहाचे गुण मिळाले तेव्हा कळलं की गेल्या वर्षी त्यांचे किती शब्द आम्ही सगळ्यांनी फुकट वापरले होते.

‘स्टॉप’ची पद्धत मी काढून टाकली त्यावर कॉलेजच्या मुलांनी तोंड वाकडं केलं. त्यांचं म्हणणं, घाई हीच तर मजा. पण मोठ्या कुटुंबात ती पद्धत चालत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा हात चपळ तो चाळीस सेकंदांत ‘स्टॉप’ म्हणतो, म्हाताऱ्या माणसांचे तीन रकाने कोरे राहतात आणि तिसऱ्या अक्षरानंतर त्या म्हणतात, “तुमचं चालू द्या, मी जरा पडते.” ठरावीक दोन मिनिटं दिली की रकाने बहुतेक सगळ्यांचे भरतात आणि लढत वेगाची न राहता शब्दांची होते. ज्यांचं लवकर होतं त्यांनी उरलेल्या वेळात चिकू खोडून दुसरं काही आठवावं. दुसऱ्याकडे नसलेल्या शब्दाला दहा गुण ठेवले आहेत ते उगीच नाही.

रकान्यांत ‘वस्तू’ नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. वस्तू म्हटलं की काहीही लिहिता येतं, आणि काहीही लिहिता आलं की काहीही वाद घालता येतो. त्याऐवजी भाजी घेतली. भाजीत कंदमूळ धरायचं की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. सासूबाईंना मी आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “अगं, बटाटा लिहिल्याने काय होतंय? पाठशाळेत मुलं त्यागाच्या यादीत कांदा-लसूण लिहितातच की.” मला हे पटलं, आणि भाषणातलं ‘लिहिलं म्हणजे खाल्लं नाही’ हे वाक्य त्यांचंच आहे असं समजा.

फळवाला-भाजीवाला हा नियम मी बराच शोधून काढला. शास्त्राने जायचं तर टोमॅटो, काकडी, वांगं, भेंडी, सगळीच फळं. मग फळाच्या रकान्यात भेंडी वाचायची आणि दहा गुण मागायचे! खाण्याच्या पद्धतीने जायचं तर कच्चा फणस भाजी, पिकला की फळ. बाजारात कुणाच्या गाडीवर मिळतं हा प्रश्न मात्र सहा वर्षांच्या मुलालाही कळतो, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावावं लागत नाही. रताळं या नियमाने आपोआप भाजीत जातं. ते कोण खातं आणि कोण नाही, हा विषयच निघत नाही.

प्राण्याच्या रकान्याचं श्रेय धाकट्या पुतणीला. ती पाठशाळेत एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत शिकली आहे. दोन वर्षांपूर्वी तिने प्राण्यात ‘पिंपळ’ लिहिलं आणि भांडली, की झाडातही जीव असतो, एकेंद्रिय का असेना! तिला चूक तरी कसं म्हणणार? आणि पक्षी, किडे, मासे यांच्यावर तर दरवर्षीच वाद. “मुंगी काय प्राणी आहे का?” असं कुणीतरी म्हणायचं. त्रस जीव म्हटलं की हे सगळं एका शब्दात मिटलं. मुंगी तीन इंद्रियांची, पण त्रस, म्हणून चालते. पिंपळ स्थावर, म्हणून नाही. पुतणीने मान डोलावली, कारण हरलो तरी आपला मुद्दा सगळ्यांनी ऐकला असं तिला वाटलं.

गावाला तालुक्याची अट अशासाठी की मुलं कुठल्याही अक्षरापुढे ‘पूर’ किंवा ‘वाडी’ लावून गाव तयार करतात. एवढं म्हटलं की निम्मी गावं जागच्या जागी ओसाड होतात.

आता सरावाचं अक्षर. माझ्या मते सगळ्या भाषणात कामाचं वाक्य हेच, ‘याचे गुण धरायचे नाहीत.’ नियम कितीही नीट सांगा, निम्मी माणसं ऐकत नसतात. एक अक्षर खेळून दाखवलं की कळतं. आणि पहिली शंका सरावातच निघाली तर उत्तम, कारण तेव्हा कुणाचंच काही जात नाही.

तसंच झालं. अक्षर आलं ‘च’, अगदी भरघोस अक्षर. सासूबाई आणि त्यांच्या आठ वर्षांच्या पणतूने लिहिलं : चिंतामणी, चिपळूण, चिकू, चाफा, चाकवत, चिचुंद्री. चिंतामणी, चाकवत आणि चिचुंद्री आणखी कुणाकडेच नव्हते, त्यांचे दहा-दहा. बाकीचे तीन इतरांकडेही होते, त्यांचे पाच-पाच. एकूण पंचेचाळीस. बेंगळुरूला शिकणारा भाचा आणि त्याच्या जोडीची काकू, दोघंही हुशार. त्यांचं चेतन, चंद्रपूर, चिकू, चमेली, चवळी, चित्ता. त्यात चंद्रपूर आणि चमेली तेवढे एकट्याचे, एकूण चाळीस. नव्वदीतल्या आजीने आणि आठ वर्षांच्या पोराने इंजिनिअरला हरवलं म्हटल्यावर खोलीत जो गलका झाला! तिथून पुढे कुणाला ‘लक्ष द्या’ म्हणायला लागलं नाही.

फळात पाच जोड्यांनी चिकू लिहिला होता आणि नणंदेच्या यजमानांनी ‘चिंच’. लगेच एक हात वर, “शंका!” यजमान म्हणाले, “झाडाला लागते, पिकते.” एक वाक्य झालं. आता चिंच ना फळवाल्याकडे, ना भाजीवाल्याकडे, ती आपण किराणा दुकानातून आणतो. माझा नियम तिथे संपला. मी म्हटलं, “मला ठरवता येत नाही. पाच.” ते हसून म्हणाले, “चला, सरावाचेच होते.” त्यांचे तेवढे पाच गुण गेले असते तर गेले असते, पण शंका कशी घ्यायची आणि कशी सोडायची हे सगळ्यांनी पाहिलं, तेही त्यांच्याच शब्दावर.

‘ठरवता आलं नाही तर पाच’ हे मी मुद्दाम ठेवलं. पंचाने प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हणायचं ठरवलं की कुणीतरी एक नाराज होतोच. अर्ध्या गुणांवर दोन्ही बाजू कुरकुरतात आणि पुढे जातात. मात्र हे औषध थोडंच वापरावं. आठ अक्षरांत मी ते तीनदाच वापरलं. त्याहून जास्त वापरलं असतं तर मुलांनी प्रत्येक रकान्यात काहीतरी संशयास्पद लिहून पाच-पाच गोळा केले असते. आमचा भाचा तसा प्रयत्न करून बघत होता. ‘द’ ला त्याने गावात ‘दुबई’ लिहिलं. मी म्हटलं, “तालुका?” त्यावर त्याने स्वतःच खोडलं.

भाषणातून मी एक वाक्य आदल्या रात्री काढून टाकलं. पहिल्या खर्ड्यात ते होतं, ‘मागच्या वर्षीसारखं व्हायला नको.’ यजमानांना वाचून दाखवलं तेव्हा तेही म्हणाले की ठेव, सगळ्यांना माहीतच आहे. पण नणंद समोर बसणार होती. तिची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिलाही सगळं कळतं. ते वाक्य उच्चारलं असतं तर रताळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधीच येऊन बसलं असतं, आणि खेळभर प्रत्येक जण अण्णांकडे बघत राहिला असता. त्याच्या जागी मी ‘शंका शब्दाची घ्यायची, लिहिणाऱ्याची नाही’ एवढंच ठेवलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, आणि मुलांना तो नुसता एक नियम वाटला.

‘र’ ची चिठ्ठी मी वाटीतून काढली नव्हती. काढली असती तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, आणि ते जास्त वाईट दिसलं असतं. पाचवी चिठ्ठी निघाली ती ‘र’ च. पणतूने ती उलगडून दाखवली तेव्हा दोन-तीन जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटी हातात घेतली आणि वेळ लावला, बाकी काही बोलले नाही.

वाचनाची पाळी आली. नावं झाली, गावं झाली. राधानगरी तिघांकडे, रुकडी एकाकडे. फळात रामफळ जवळजवळ सगळ्यांचं, आत्याबाईंचा रायआवळा एकटा. फुलात सहाही जणांची रातराणी. भाजीत राजगिरा, राजमा असं चाललं होतं आणि अण्णांची पाळी आली. अण्णांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला, भाचीकडे एकदा बघितलं आणि वाचलं, “रताळं.”

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग नणंदेचे यजमान म्हणाले, “आमची शंका नाही हो.” खोली हसली. नणंदही हसली, पदर तोंडाला लावून. दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून दहा गुण. भाचीने मुद्दाम लिहिलं होतं की तिला खरंच तेच सुचलं, हे मी अजून विचारलेलं नाही. अण्णा आणि भावोजी त्यानंतर गळ्यात गळे घालून बसले असं काही नाही. ते दोघं एरवीसुद्धा ऊस आणि पाऊस यांपलीकडे फारसं बोलत नाहीत. पण निघताना ते अण्णांच्या पाया पडून गेले.

आणखी थोडं बारीकसारीक, कारण मला फोनवर विचारलं जाणारच आहे. आठ अक्षरं खेळलो. लिहायला दोन मिनिटं आणि वाचायला, गुण मांडायला चार, म्हणजे एकाला सहा. एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, नेमकं एका सामायिकाएवढा वेळ, असं सासूबाईंनी हिशेब करून सांगितलं. लहान मुलं एवढाच वेळ बसतात, त्यानंतर लोळायला लागतात. कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून वापरली, सहा रकाने आधीच आखून ठेवले. गुण माझ्या वहीत मांडत गेले आणि मध्ये कुणाचेही जाहीर केले नाहीत. शेवटी फक्त पहिल्या दोन जोड्यांचे सांगितले. सहावी जोडी कोण हे माझ्या वहीत आहे आणि तिथेच राहील. सूर्यास्तानंतर खाणं नसल्याने प्लेटा, चहा, भजी यांसाठी मध्येच कुणाला उठावं लागत नाही, ही आपल्या घरांची मोठीच सोय आहे. माझ्या शेजारणीच्या घरी हाच खेळ दर दोन अक्षरांनी चहासाठी थांबतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुसऱ्याच्या कागदात डोकावतं.

शेवटचं अक्षर ‘झ’ निघालं. माझ्या चाळणीतून ते झुकिनीमुळे वाचलं होतं. नणंदेने बेळगावच्या मॉलमध्ये झुकिनी पाहिली होती, म्हणून भाजी झाली. झेंडू, झाशी आणि झेब्रा सगळ्यांकडे. नावात सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या झुंबरबाई काढल्या. फळात मात्र सहाही कागद कोरे. मी शून्य मांडायला लागले, तेवढ्यात आत्याबाई पाटी उंच धरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “झाडावरचं कुठलंही!” आणि पाच हात एकदम वर गेले.